शीसाठी डायपरच मागणारा मुलगा: सीट आणि स्टुलाच्या उंचीचा हिशेब

प्रश्न: आमचा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. राजारामपुरीत फ्लॅट आहे, भिंतीला बसवलेला कमोड, सीटसकट उंची १७ इंच. त्यावर ठेवायची गादीची छोटी सीट आणली, चढायला ६ इंची प्लास्टिकचा स्टूल आणला. शू बसून करतो. पण शीला डायपरच मागतो आणि पडद्यामागं जाऊन करतो. कमोडवर बसवलं की लगेच 'झालं' म्हणून उतरतो. सासूबाई म्हणतात, कागलच्या घरी साधा संडास आहे, तिथं बसवू या. सीट बदलू, की अजून थोडं थांबू?

उत्तर:

ताई, थांबायचं कारण मला दिसत नाही. शी येणार हे त्याला आधी कळतं, तो आडोसा शोधतो, डायपर मागून घेतो. एवढं कळणारं मूल तयार असतं. सीट बदलावी लागेल, पण ते दुय्यम आहे. आधी तुमचा स्टूल बघू, कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांतच अडचण दिसते.

त्याला खुर्चीवर बसवा आणि गुडघ्याच्या मागच्या घडीपासून टाचेपर्यंत शिवणाच्या टेपनं मोजा. या वयाला ते अंतर बहुधा साडेआठ ते नऊ इंच भरतं. नऊ धरून चालू. तुमचा कमोड १७ इंच, त्यावर गादीची सीट दबल्यावरही इंचभर उरते, म्हणजे तो १८ इंचांवर बसतो. अठरातून त्याच्या पायाचे नऊ गेले की उरले नऊ. त्याच्या पायाखाली किमान नऊ इंच उंच काहीतरी हवं आणि तुमचा स्टूल आहे सहाचा. म्हणजे तीन इंचांची पोकळी. त्याचे पाय लोंबकळतात. फार तर पुढं सरकून तो अंगठा टेकवत असेल, आणि पुढं सरकला की सीटच्या भोकात घसरायची भीती. मग दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसायचं. या अवस्थेत शू होते, कारण शूला जोर लावावा लागत नाही. शीला लागतो.

याचा अनुभव घ्यायचा तर स्वयंपाकाच्या ओट्यावर पाय लोंबकळत ठेवून बसा आणि पोटाला जोर देऊन बघा. मांड्या आवळल्या जातात, कंबर ताठ होते, जोर खाली पोचतच नाही. आता पायांखाली उंच स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या किंचित वर येऊ द्या, पुढं वाका आणि पुन्हा जोर द्या. फरक लगेच कळतो. आतलं कारण असं, की मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला मागून वेढा घालून पुढं खेचून धरणारा एक स्नायू असतो. तो आवळलेला असेपर्यंत मार्ग वाकडा राहतो आणि शी आत थोपून राहते. माणूस उकिडवा बसला की तो सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो. पाय अधांतरी असताना मूल तोल सांभाळायला सगळं अंग आवळतं, त्यात हाही भाग आवळला जातो.

आता पडद्यामागं काय चालतं ते बघा. तिथं पाय जमिनीवर घट्ट असतात. हवं तसं वाकता येतं, पडद्याला धरता येतं. बाकी कुठलीही सवय असो, बसण्याच्या दृष्टीनं ती जागा तुमच्या कमोडपेक्षा चांगली आहे आणि हे त्याच्या अंगाला कळलेलं आहे. मात्र त्याला न कळू देता एक गोष्ट नीट पाहून घ्या. तो गुडघ्यात वाकून, तोंड लाल करून जोर देतो, की चवड्यांवर उभा राहून पाय एकमेकांत अडकवून ताठ होतो? पहिला प्रकार म्हणजे तो शी करतोय. दुसरा म्हणजे तो शी दाबून धरतोय. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं, 'जोर काढतोय' असं. पण दुसऱ्या प्रकारात आधी पोटाचं बघावं लागतं, त्याकडं पुढं येते.

सासूबाईंचं म्हणणं मुळात बरोबर आहे. उकिडवं बसणं ही शीसाठी उत्तम बैठक. पण मोठ्यांच्या संडासात पाय ठेवायच्या दोन जागांमधलं अंतर पावणेतीन वर्षांच्या पोराला फार पडतं. त्याचे पाय ताणले जातात, तो मागं कलंडतो, मग कुणीतरी दंड धरून ठेवायचा. दंड धरून लोंबकळणारं मूल शी करत नाही. सासूबाईंना त्यांचीच जुनी पद्धत आठवायला सांगा. तान्ह्या बाळाला पायावर घेऊन शीला बसवायचो ना आपण? पाटावर बसून दोन्ही पाय पुढं घ्यायचे आणि बाळ त्या पायांवर, गुडघे पोटाशी. मोठ्या भोकावर लहान सीट आणि पायाखाली स्टूल म्हणजे आईचे ते पायच, फक्त कमोडच्या उंचीवर नेलेले. कागलला गेलात तर त्याला बळंच संडासावर बसवू नका. साधं खाली ठेवायचं पॉटी भांडं न्या, पाय आपोआप टेकतात.

तर स्टूल. हिशेबानं नऊ इंच येतो, पण गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत, म्हणून तुमच्यासाठी दहा इंच. इथं नवा प्रश्न उभा राहतो. जिन्याची पायरी साधारण सात इंचांची असते आणि तीही हा एकेक पाय ठेवत चढत असेल. दहा इंचांवर तो एका ढांगेत चढणार नाही. म्हणून दोन पायऱ्यांचा स्टूल लागतो, खालची पाच इंच, वरची दहा. बाजारात दोन पायऱ्यांचे प्लास्टिकचे स्टूल मिळतात, पण टेप घेऊन जा. वरची पायरी आठ इंचांच्या आत असेल तर तो चढायला चांगला, बसल्यावर पाय टेकवायला नाही. मोठ्यांसाठी कमोडभोवती बसणारे अर्धगोल स्टूल मिळतात, त्यांच्याकडंही मोहानं बघू नका. सात इंची असला तर याचे पाय तरीही दोन इंच वरच राहतात. शिवाय त्याला मधे खाच असते आणि याचे पाय दोन्ही बाजूंपर्यंत पोचत नाहीत.

कोल्हापुरात हे करून घेणं फार सोपं आहे. उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला किंवा ओळखीच्या सुताराला कागदावर आकडे लिहून द्या. वरची पायरी दहा इंच उंच, चौदा इंच रुंद, दहा इंच खोल. रुंदी कमी करू देऊ नका, कारण पाय फाकवून बसायला जागा लागते. खालची पायरी पाच इंच उंच आणि ती समोर नको, बाजूला हवी, भिंतीच्या अंगाला. समोरून चढलं की मुलाला वर जाऊन अर्धी गिरकी घेऊन पाठमोरं व्हावं लागतं आणि पडतात ती त्या गिरकीत. बाजूनं चढलं की एक हात भिंतीला आणि पाव वळण पुरतं. प्लायवूड घेतलं तर वॉटरप्रूफ आणि कडांना रंग मारलेला. कडेनंच पाणी शिरतं आणि पावसाळ्यात प्लाय फुगतं. वर सनमायका लावू नका, ओल्या पायानं ती निसरडी होते. खरखरीत पट्टी किंवा रबरी मॅट चिकटवा. पायांना रबरी बूट, आणि त्या बुटांची जाडी दहा इंचांत धरा.

घरी आणल्यावर कोरड्या हॉलमध्ये नाही, संडासातच ओल्या फरशीवर ठेवून तपासा. आपल्याकडच्या फरशीला जाळीकडं उतार असतो, त्यामुळं चार पायांतला एक बऱ्याचदा अधांतरी राहतो. वरच्या पायरीच्या एकेका कोपऱ्यावर तळहातानं दाबा. टकटक वाजला तर ज्या पायाखाली फट आहे तिथं रबराचा तुकडा चिकटवा आणि स्टूल दर वेळी त्याच जागी, त्याच बाजूनं ठेवा. मग आपल्या पायानं कडेला आडवा धक्का द्या. सरकला तर बूट बदला. तुमचा कमोड भिंतीवरचा आहे याचा एक फायदा आहे, खाली जागा मोकळी असल्यानं स्टूल थोडा आत ढकलता येतो. मूल बसल्यावर टाच गुडघ्याच्या बरोबर खाली यायला हवी. स्टूल पुढं राहिला की पाय ताणले जातात आणि सगळा हिशेब फुकट जातो.

शिडी आणि सीट एकत्र असलेला घडीचा प्रकार अनेक जण विचारतात. तो वाईट नाही, पण बहुतेकांत पाय टेकवायची पट्टी अरुंद असते आणि उतारावर शिडी डुगडुगते. घरात कमोड एकच असेल तर प्रत्येक मोठ्या माणसानं ती काढायची आणि पुन्हा लावायची. सकाळी ऑफिसच्या घाईत ती कुणी नीट लावत नाही, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

आता सीट. तुमची गादीची सीट फेकू नका, प्रवासाला ठेवा. रोजच्या वापराला कडक प्लास्टिकची घ्या. गादीच्या सीटला शिवण असते, त्यातून जेट स्प्रेचं पाणी आणि शू आतल्या स्पंजात जाते, पुढं वास येतो आणि खालच्या बाजूला काळी बुरशी धरते. दुसरं म्हणजे गादी दबते तशी सीट हलते, आणि हलणाऱ्या सीटवर मूल अंग सैल सोडत नाही. भोक साधारण पाच ते सहा इंच रुंद असावं. त्याहून मोठं असलं की ढुंगण खाली जातं, गुडघे छातीशी येतात आणि मूल अडकल्यासारखं बसतं.

घेताना तिची खालची बाजू बघा. तिथं रबरी गुटके असतात, ते तुमच्या कमोडच्या सीटच्या आतल्या कडेला अडकले पाहिजेत. कमोड अंडाकृती आहे की पुढून चौकोनी, यावर हे ठरतं. म्हणून दुकानात जाताना मोबाईलमध्ये वरून काढलेला फोटो आणि आतल्या भोकाची लांबी-रुंदी घेऊन जा. घरी लावल्यावर पुढच्या कडेवर तळहात दाबून डावीकडं-उजवीकडं पिळा. बोटभराहून जास्त सरकली तर परत करा. मोठ्यांची सीट वर करून नुसत्या चिनी मातीवर छोटी सीट ठेवायची नाही, ती घसरते. मोठ्यांच्या सीटच्या झाकणातच लहान सीट बसवलेली दोन-इन-एक सीटही मिळते. एकच कमोड असणाऱ्या घराला मला ती सगळ्यांत सोयीची वाटते. उंची फारशी वाढत नाही, हलत नाही, ठेवायला वेगळी जागा लागत नाही. ती घेतलीत तर बसायची उंची साडेसतरा धरा आणि स्टूल साडेनऊचा करा.

मुलासाठी सीटला पुढं उंचवटा येतो, शू बाहेर उडू नये म्हणून. उंच उंचवटा असला की चढता-उतरताना नेमका नाजूक जागी लागतो, आणि एकदा लागलं की पोरगं आठवडाभर सीटकडं फिरकत नाही. काढता येणारा असेल तर काढून टाका. त्याऐवजी पुढं वाकून कोपर मांडीवर टेकवायला शिकवा, शू खालीच जाते. चड्डी गुडघ्यात अडकवून ठेवू नका, पूर्ण काढा. गुडघे बांधलेले असले की पाय फाकत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण पाय जवळ ठेवून बसलं की शू मागं फिरून योनीत साठते आणि उठल्यावर चड्डीत गळते. आई म्हणते, 'आत्ताच तर करून आली.' तिला पाय फाकवून, पुढं वाकवून बसवलं की ते बहुधा थांबतं.

सामान जुळलं तरी तो त्याच दिवशी कमोडवर शी करेल असं धरू नका. पडद्याची जागा त्याला सवयीची आहे, ती हळूहळू संडासाकडं सरकवायची. आधी डायपर घालूनच, पण पडद्याऐवजी संडासात उभं राहून करू दे. ते जमलं की डायपरसकट नव्या सीटवर, पाय स्टुलावर. डायपर आहे म्हणून रागवायचं नाही, बैठक शिकतोय तो. मग डायपर सैल बांधा. त्यानंतर डायपरला मधे कात्रीनं भोक पाडा आणि तोच घालून बसवा. कमरेला ओळखीचा डायपर राहतो आणि शी खाली पाण्यात पडते. हसू येतं ऐकून, पण शीला डायपर सोडत नसलेल्या मुलांसाठी ही पद्धत आम्ही थेरपिस्ट मंडळी नेहमी वापरतो. भोक मोठं करत नेलं की शेवटी कमरेला नुसती पट्टी उरते. एखाद्या टप्प्यावर अडला तर एक पायरी मागं या, तिथं दोन-चार दिवस राहा.

बसवायची वेळ जेवणानंतरची. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल करतं, म्हणून न्याहारी किंवा जेवण झाल्यावर दहा-वीस मिनिटांत बसवा, तीन ते पाच मिनिटं पुरे. मोबाईल देऊ नका, मूल त्यात गुंगतं आणि पोटाचा इशारा विसरतं. त्याऐवजी जत्रेतली पिपाणी द्या, नाहीतर साबणाचे फुगे. फुंकर मारताना पोटाला आपोआप जोर बसतो आणि खालचा भाग सैल पडतो. 'जोर लाव' असं सांगितलं की मुलं नेमकी उलटं करतात, सगळं आवळून धरतात. धुताना सुरुवातीला जेट नको. गार पाण्याचा फवारा अचानक बसला की पुढच्या वेळी चढायलाच नकार देतात. मगात कोमट पाणी घ्या. फ्लश तो खाली उतरल्यावर, आणि आवाजाला घाबरत असेल तर तो बाहेर गेल्यावर.

आता पोटाकडं येते. पडद्यामागं तो शी दाबून धरताना दिसला असेल, शी कडक, खड्यांसारखी किंवा एकदम जाड येत असेल, करताना रडत असेल, कधी रक्ताची रेघ दिसली असेल, किंवा मधल्या वेळात चड्डीला पातळ डाग लागत असतील, तर हे सगळं थांबवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चड्डीचे डाग हा हगवणीचा किंवा आळशीपणाचा प्रकार नसतो. आत कडक शी साठलेली असते आणि तिच्या बाजूनं पातळ झिरपते. अशा मुलांना डॉक्टर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकोलसारखं शी मऊ करणारं औषध देतात आणि ते बरेचदा काही आठवडे, महिनेही चालतं. दोन दिवस बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. दुधाचाही हिशेब बघा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर पोट त्यातच भरतं, भाजी-भाकरीला जागा राहत नाही आणि शी कडक होते. शी दुखत असताना कितीही चांगली सीट आणली तरी मूल बसणार नाही, आणि त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे.

स्टुलाचा एक धोका मात्र सीट-स्टूल विकणारे कुणी सांगत नाहीत. दहा इंच उंची मिळाली की तुमच्या मुलाचा हात नव्या ठिकाणी पोचतो. आपल्याकडं पाणी भरून ठेवायची सवय, बाथरूममध्ये पिंप, बॅरल, काठोकाठ बादली असतेच. या वयात डोकं जड असतं, मूल स्टुलावरून आत डोकावलं तर डोक्याकडून कलंडतं आणि त्याला स्वतःहून बाहेर निघता येत नाही. गिझरचा नळ, फिनेल, ॲसिडची बाटली हेही त्याच उंचीवर येतं. म्हणून पिंपावर घट्ट झाकण, बादली रिकामी आणि पालथी, बाटल्या बाथरूमच्या बाहेर. तो उतरला की स्टूल उचलून बाहेर ठेवायचा. त्यासाठी सुताराला सांगून बाजूला हात घालायला खाच करून घ्या, म्हणजे उचलायचा कंटाळा येत नाही. तो आत असताना दाराची आतली कडी लागणार नाही, याचीही सोय करा.

माप चार-सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. पाय वाढतात तसा स्टूल उंच पडायला लागतो. पाय नऊचा अकरा इंच झाला की आठ इंचांचा स्टूल पुरतो. सुताराकडून दोन्ही पायऱ्यांचे पाय सारखेच कापून घेतले की तोच स्टूल पुढं चालतो, रबरी बूट तेवढे पुन्हा बसवून घ्या.